ओईई शीट खोटं कुठे बोलते: शिफ्टचा स्कोअर काढताना या चुका टाळा

ओईई म्हणजे मशीन चालवायचं ठरलेल्या वेळातला किती वेळ खरोखर चांगला माल काढण्यात गेला त्याचा टक्का. त्याचं गणित म्हणाल तर शाळेतल्या पोराला पण जमेल, अवेलेबिलिटी, परफॉर्मन्स आणि क्वालिटी असे तीन टक्के काढायचे आणि एकमेकांना गुणायचे, बस. पण अंधेरी एमआयडीसीतल्या कुठल्याही गाळ्यात जा आणि तिथली शीट उघडा, दहापैकी बऱ्याच शीट्समध्ये कुठेतरी १०५ टक्के परफॉर्मन्स बसलेला दिसेल नाहीतर नाइट शिफ्टच्या खान्यात नुसती `#####` ची रांग. फॉर्म्युला चुकलेला असतोच असं नाही, बहुतेक वेळा गडबड असते ती कुठला मिनिट कुठल्या खात्यात टाकला याची. एकदा ते खातं नीट बसलं की बाकी सगळं आपोआप जुळतं.

एकच केस घेऊन बोलू म्हणजे हवेत काही राहायला नको. इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन आहे, त्यावर फ्लिप-टॉप झाकणाचा ८ कॅव्हिटीचा मोल्ड, म्हणजे एका शॉटला ८ झाकणं, आयडियल सायकल १२ सेकंद. म्हणजे मिनिटाला ५ शॉट, ४० झाकणं, एका झाकणाला दीड सेकंद. फर्स्ट शिफ्ट सकाळी ७ ते ३, म्हणजे ४८० मिनिटं, त्यातून जेवणाची ३० आणि चहाची १० गेली की प्लॅन्ड टाइम राहिला ४४०. शिफ्टच्या सुरुवातीलाच जुना मोल्ड उतरवून हा चढवला त्यात ५० मिनिटं गेली, मधे हीटर बँड उडाला त्यात १६, म्हणजे स्टॉप ६६ मिनिटं आणि मशीन खरोखर चाललं ३७४ मिनिटं. टोटल झाकणं १३,४६४, त्यातली चांगली १३,२००.

अवेलेबिलिटी ३७४ भागिले ४४०, म्हणजे ८५ टक्के. ३७४ मिनिटांत आयडियल स्पीडने १४,९६० झाकणं यायला हवी होती, आली १३,४६४, म्हणून परफॉर्मन्स ९० टक्के. क्वालिटी ९८ च्या जरा वर. तिन्हींचा गुणाकार ७५ टक्के.

आता हेच मिनिटांत बघा, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे. चांगली १३,२०० झाकणं म्हणजे आयडियल स्पीडने ३३० मिनिटांचं काम. स्टॉपमध्ये गेली ६६ मिनिटं, स्लो चालण्यात आणि बारीकसारीक अडकण्यात ३७.४, रिजेक्ट मालात ६.६. बेरीज बरोबर ४४०. सुपरवायझरला "तुझा परफॉर्मन्स ९० आहे" सांगितलं तर तो मान हलवून निघून जातो, पण "३७ मिनिटं कुठे गेली ते लॉगबुकात कुठेच नाहीये" म्हटलं की लगेच बोलायला लागतो. त्यामुळे शीटमध्ये टक्क्यांच्या शेजारी मिनिटांचे कॉलम ठेवाच.

आयडियल सायकल म्हणून भलताच आकडा घेणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शीट बनवणारा माणूस आयडियल सायकल विचारायला कोणाकडे जातो? मार्केटिंगकडे किंवा कॉस्टिंगकडे. आणि कॉस्टिंगवाल्याने कोटेशन देताना हाताशी थोडी मोकळीक ठेवून १४ सेकंद धरलेले असतात. १४ सेकंद म्हणजे मिनिटाला साधारण ३४ झाकणं. आपल्या केसमध्ये ३७४ मिनिटांत मग १२,८२३ च्या आसपास अपेक्षित धरली जातात, आणि आली आहेत १३,४६४, झाला परफॉर्मन्स १०५ टक्के!

आयडियल स्पीडपेक्षा जास्त स्पीडने मशीन चालू शकत नाही, म्हणूनच तर तो आयडियल. तेव्हा १०० च्या वर गेलं की समजायचं एकतर सायकल ढिली धरली आहे नाहीतर मशीन चालू असलेला वेळ कुठेतरी कापला गेलाय. पण करतात काय, तर मीटिंगमध्ये १०५ दिसायला विचित्र वाटतं म्हणून कोणीतरी हुशारी करून फॉर्म्युल्याला `MIN(1, ...)` लावून टाकतो. झालं, आता कायम १०० टक्के, आणि शिफ्टमधली ३७ मिनिटं कागदावरून गायब. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर लपवण्यातला प्रकार. असला `MIN` अजिबात लावू नका, उलट १०० च्या वर गेलेला खाना लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा.

आकडा कुठून घ्यायचा मग? मोल्ड ट्रायलच्या वेळी चांगला माल देत जी सायकल स्थिर चालली होती आणि सेटिंग शीटवर सही होऊन लिहिली गेली ती. मागच्या महिन्याची सरासरी नाही, कारण सरासरीमध्ये तुमचा स्लो कारभार आधीच मुरलेला असतो आणि मग तुम्ही स्वतःशीच तुलना करून खूश होता. मोल्डचं कूलिंग सुधारलं आणि सायकल खरंच ११ वर आली तर आयडियल बदला, पण ज्या तारखेपासून बदलली ती तारीख टाकून, जुन्या ओळींना हात न लावता.

याच घराण्यातली दुसरी चूक कॅव्हिटीची. एका कॅव्हिटीतून फ्लॅश येतो किंवा तिथला गेट चोक झालाय म्हणून ती बंद करून ७ वर चालवतात, डिलिव्हरी डोक्यावर असते तेव्हा ते ठीकच आहे. पण शीटमध्ये पण कॅव्हिटी ८ ची ७ करून टाकतात, "अरे सात चालू आहेत तर सातच लिहिणार ना" असं साधं सरळ लॉजिक. मोल्ड आठचा आहे, तर आयडियल आठचाच राहणार. एक बंद म्हणजे दर शॉटला साडेबारा टक्के माल कमी, तो परफॉर्मन्समध्ये दिसायलाच हवा. नाहीतर ती कॅव्हिटी महिनोन्महिने बंद राहते आणि टूलरूमवाल्याला कोणी विचारत पण नाही, शीट तर हिरवीगार आहे ना.

प्लॅन्ड टाइममधून वाट्टेल ते कापणं

"मोल्ड चेंज तर प्लॅनमध्येच होता, मग तो लॉस कसा?" हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ५० मिनिटं प्लॅन्ड टाइममधून कापली तर ४४० चे ३९० होतात, अवेलेबिलिटी ८५ वरून जवळजवळ ९६ आणि ओईई ३३० भागिले ३९०, म्हणजे ८४.६ टक्के. गंमत बघा, वर्ल्ड क्लास म्हणून जो ८५ चा आकडा सगळीकडे फिरतो तो ९० अवेलेबिलिटी, ९५ परफॉर्मन्स आणि ९९ क्वालिटी यांच्या गुणाकारातून येतो, आणि तो गुणाकार पण ८४.६ च आहे. टीपीएम ही मशीनच्या देखभालीची पद्धत मांडणाऱ्या सेइची नाकाजिमांनी सांगितलेले हे आकडे आपल्या गाळ्यात एक झाकण जास्त न काढता नुसत्या एका खान्याच्या फेरफाराने गाठले गेले. पण त्याच नाकाजिमांच्या सहा मोठ्या लॉसच्या यादीत सेटअप आणि अॅडजस्टमेंट स्वतंत्र लॉस म्हणून बसलाय, ब्रेकडाउनच्या बरोबरीने. मोल्ड चेंज प्लॅनमध्ये असला तरी तेवढा वेळ माल येत नाही, आणि ५० ची ३० मिनिटं करता येतात, म्हणून तो अवेलेबिलिटीतच धरायचा.

जेवणाच्या सुट्टीचं उलटं असतं. बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर जेवायला जातो पण मशीन ऑटोवर असतं आणि रिलीव्हर उभा असतो. शीट मात्र इमानदारीत ३० मिनिटं कापते. म्हणजे माल ४०४ मिनिटांचा आणि वेळ ३७४ चा, ९० चा परफॉर्मन्स फुकटात ९७ दिसायला लागतो. फक्त एकाच शिफ्टचा परफॉर्मन्स रोज वर दिसत असेल तर आधी हे विचारा की जेवणात मशीन कोण बघतं. मशीन चालत असेल तर सुट्टी कापायची नाही, एवढा साधा नियम.

आणि आपल्या मुंबईचा खास आयटम म्हणजे पाऊस. जुलैमध्ये कुर्ला-सायनला ट्रॅकवर पाणी, गाड्या लेट, कल्याण-विरारची माणसं नऊ-साडेनऊला पोचतात आणि तोपर्यंत मशीन उभं. संध्याकाळी शीट भरणारा म्हणतो आज शिफ्ट साडेनऊपासून धरा, आपली काय चूक. चूक कोणाचीच नाही, पण ओईईमध्ये चूक कोणाची हे विचारतच नाहीत. ऑर्डर होती, मशीन चालवायचं ठरलं होतं, चाललं नाही, म्हणजे अवेलेबिलिटी लॉस, कारणाच्या कोडमध्ये "मॅनपॉवर" लिहा आणि मोकळे व्हा. प्लॅन्ड टाइममधून काढायचं ते फक्त ऑर्डरच नव्हती तेव्हाचं, किंवा आधीपासून ठरलेली सुट्टी. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी फळ्यावर प्लॅन्ड टाइम लिहून टाकला की ही संध्याकाळची वादावादी बरीच कमी होते.

बारीक स्टॉपबद्दल थोडक्यात. झाकण मोल्डमध्ये अडकलं, दार उघडलं, काढलं, दोन मिनिटं गेली, हे कोणी लिहीत नाही आणि लिहायची गरज पण नाही, ते आपोआप परफॉर्मन्समध्ये येतं. फक्त किती मिनिटांच्या वरचा स्टॉप लिहायचा, ५ म्हणा, हे तिन्ही शिफ्टना एकच हवं. सेकंड शिफ्टवाला दोन-दोन मिनिटं पण लिहितो आणि नाइटवाला दहाच्या खाली काहीच लिहीत नाही असं असेल तर एकाची अवेलेबिलिटी वाईट दिसते, दुसऱ्याचा परफॉर्मन्स. गुणाकार मात्र तोच राहतो, त्यामुळे नुसती अवेलेबिलिटी बघून कोणाला झापू नका.

नाइट शिफ्ट आणि घड्याळ

रात्री ११ ते सकाळी ७. शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केली की एक्सेलमध्ये उत्तर मायनस येतं आणि `#####` दिसतं. इलाज सगळ्यांना माहीत आहे, `MOD`. पूर्ण ओळ अशी ठेवता येईल, B सुरुवात, C शेवट, D सुट्टीची मिनिटं, E स्टॉपची मिनिटं, F टोटल, G चांगले, H एका नगाचे आयडियल सेकंद:

```
I5  =MOD(C5-B5,1)*1440-D5
J5  =I5-E5
K5  =J5/I5
L5  =F5*H5/60/J5
M5  =G5/F5
N5  =K5*L5*M5
```

I प्लॅन्ड टाइम, J चाललेला वेळ, मग अवेलेबिलिटी, परफॉर्मन्स, क्वालिटी आणि शेवटी ओईई. आपल्या केसमध्ये H5 मध्ये 1.5 येईल, 12 नाही, कारण मोजणी झाकणांची आहे, शॉटची नाही. इथे 12 टाकलं तर परफॉर्मन्स आठपट होऊन ७२० टक्के येतो, ते निदान लगेच दिसतं तरी.

पण `MOD` चं एक दुखणं आहे. तो कधीच तक्रार करत नाही. स्टॉपच्या लॉगमध्ये पण हाच फॉर्म्युला वापरला आणि कोणी सुरुवात 02:10 आणि शेवट 02:00 असं उलटं टाकलं, तर उत्तर मायनस १० न येता १,४३० मिनिटं येतं आणि J मायनसमध्ये जातो. म्हणून एका स्टॉपची मिनिटं शिफ्टपेक्षा जास्त झाली की लाल, हा चेक लावाच.

दुसरं त्याहून छुपं आहे. आपण वहीत वेळ "२.३०" अशी टिंब देऊन लिहितो, तीच सवय कीबोर्डवर येते. एक्सेलला `2.30` म्हणजे अडीच वाजले हे कळत नाही, त्याला ते २.३ दिवस वाटतात, आणि खान्याला टाइम फॉरमॅट असेल तर तिथे मस्तपैकी 07:12 दिसतं. रात्री अडीचचा स्टॉप सकाळी सव्वासातला गेला, एरर काही नाही, फॉर्म्युला खूश. नाइटच्या लॉगमध्ये 07:12 किंवा 04:48 असल्या वेळा परत परत दिसल्या तर हाच प्रकार आहे, 04:48 म्हणजे टिंब देऊन टाकलेले `3.20`. त्या कॉलमना डेटा व्हॅलिडेशनमध्ये Time निवडून 0:00 ते 23:59 ची हद्द घाला, मग `2.30` सारखी टिंबवाली एंट्री आत येणारच नाही.

रिजेक्ट कोणाच्या नावावर

झाकणं मशीनखालून क्रेटमध्ये जातात, क्यूसीवाला सकाळी जनरल शिफ्टला येऊन नाइटचे क्रेट चाळतो, त्याला ३०० वाईट सापडतात आणि तो ते आजच्या तारखेला फर्स्ट शिफ्टच्या ओळीत टाकतो. फर्स्ट शिफ्टवाले वैतागतात आणि नाइटवाल्यांची क्वालिटी वर्षभर ९९.५. क्रेटच्या टॅगवर तारीख-शिफ्ट लिहिलेली हवी आणि रिजेक्ट टॅगच्या शिफ्टला जायला हवं, मग ते दोन दिवसांनी सापडलं तरी जुनी ओळ उघडून तिथे टाकायचं.

फ्लॅश कापून चांगली केलेली झाकणं चांगल्यात धरू नका. क्वालिटी म्हणजे पहिल्या फटक्यात बरोबर आलेला माल, ब्लेडने खरवडून पास केलेला नाही. आणि मोल्ड चढवल्यावरचे सुरुवातीचे शॉट सरळ ग्राइंडरमध्ये जातात, ते कोणी मोजतच नाही, "रिग्राइंड होतंय की, वाया कुठे गेलं?" मटेरियल वाया नाही गेलं, मशीनचा वेळ गेला. टोटल मशीनच्या शॉट काउंटरवरून गुणिले आठ अशी घ्या आणि चांगले नग वजनकाट्यावर मोजा, फरक आपोआप रिजेक्टमध्ये येतो. कॅव्हिटी बंद असेल तर मात्र इथे काउंटर गुणिले सात, कारण इथे खरंच आलेला माल मोजायचाय, आयडियल तेवढा आठचा राहतो.

शिफ्टच्या टक्क्यांची सरासरी काढणं

दिवसाचा स्कोअर काढताना सगळेच `AVERAGE` मारतात. समजा फर्स्ट शिफ्टचे ७५ टक्के आपण काढलेच. सेकंडला पण ४४० मिनिटं प्लॅन्ड, ओईई ६०, चांगली झाकणं १०,५६०. नाइटला ऑर्डर संपली म्हणून फक्त १२० मिनिटं प्लॅन्ड होती, तेवढ्यात मशीन झकास चाललं, ओईई ९०, चांगली ४,३२०. सरासरी ७५ टक्के, वा छान.

आता खरं बघा. तिन्ही मिळून चांगली झाकणं २८,०८०, प्लॅन्ड टाइम १,००० मिनिटं, त्यात आयडियलने ४०,००० यायला हवी होती. ओईई ७०.२ टक्के. दोन तासांच्या नाइटला आणि पूर्ण सेकंड शिफ्टला सारखंच वजन दिल्यामुळे जवळजवळ पाच टक्के फुगले. टोटलच्या ओळीत मिनिटं आणि नग यांची बेरीज करा आणि मग त्या बेरजांवर तेच फॉर्म्युले परत चालवा, टक्के कधीच बेरजेला घेऊ नका. आठवड्याचं, महिन्याचं सगळं असंच.

एकाच शिफ्टमध्ये दोन मोल्ड चालले असतील तर दोघांच्या सायकलची सरासरी पण नको. मोल्डप्रमाणे नग वेगळे लिहा आणि नग गुणिले त्याचे स्वतःचे सेकंद अशी बेरीज `SUMPRODUCT` ने करून आधी ६० ने आणि मग चाललेल्या मिनिटांनी भागा.

आणि `IFERROR(...,0)` टाळा. मशीनला काम नव्हतं त्या दिवशी भागाकार फुटतो, तो झाकायला शून्य टाकलं की रविवार पण शून्य टक्के ओईई म्हणून चार्टमध्ये खड्डा पाडतो. शून्याच्या जागी `NA()` द्या.

शीट बरोबर आहे हे कसं कळणार

बरेच जण शेजारी अजून एक कॉलम ठेवतात, `=G5*H5/60/I5`, म्हणजे चांगले नग गुणिले आयडियल सेकंद भागिले प्लॅन्ड टाइम, आणि तो N शी जुळला की समाधान मानतात. ठेवा जरूर, कोणी मधेच `MIN` घातला किंवा ओळ ड्रॅग करताना खाना सरकला तर तो पकडतो. पण दोन्हीकडे आकडे तेच असल्यामुळे चुकीची एंट्री असेल तर दोन्ही कॉलम एकत्रच चुकतात आणि छान जुळतात.

एंट्री पकडायला बाहेरचा आकडा लागतो, आणि मोल्डिंगमध्ये तो फुकट मिळतो, मटेरियल. झाकण अडीच ग्रॅमचं असेल आणि हॉट रनर असेल तर १३,४६४ झाकणांना ३३.६६ किलो दाणा लागतो, २५ किलोची एक गोणी आणि दुसरीतला तिसरा हिस्सा, वर पर्जिंगचा गोळा असेल तो काट्यावर ठेवून बघा. आता स्टोअरच्या इश्यू स्लिपवर दोन गोण्या गेल्या असतील आणि हॉपरजवळ परत आलेली गोणी पाच-सात किलोचीच उरली असेल, तर दहाएक किलो दाणा म्हणजे चारेक हजार झाकणं कुठेतरी मोजायची राहिली आहेत, बहुतेक ग्राइंडरशेजारच्या पिंपात. उलटं, मटेरियल कमी गेलं आणि नग जास्त दाखवले असतील तर काउंटर रीसेट न करता मागच्या शिफ्टचे शॉट यांच्या नावावर आले असणार. आठवड्यातून एकदा, कुठलीही एक शिफ्ट निवडून, न सांगता, हा ताळा घ्या.